सव्वाशे मुलांचा एक ‘होऽऽ’

मोठ्या वर्गात शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या कानात एक आवाज बसलेला असतो. “कळलं ना?” “होऽऽ.” “मग शेतकऱ्याचं नुकसान झालं की नाही?” “झालंऽऽ.” सुरुवात पहिल्या दोन बाकांवरून होते, मधल्या रांगा सूर धरतात आणि मागच्या बाकांवर नुसते ओठ हलतात. ऐकायला छान वाटतं. वर्ग जागा आहे, आपल्याबरोबर आहे, असं वाटतं. पण सव्वाशे मुलांच्या त्या एका होकारातून एकाही मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते कळत नाही. वीस जणांच्या वर्गात ‘हो’ म्हणणाऱ्याचा चेहरा तरी दिसतो आणि त्यावरची शंका वाचता येते. सव्वाशे जणांत ‘नाही’ वाटणारं मूल ‘हो’च्या आवाजात आरामात लपतं, आणि त्याला तिथं लपायला आवडतं.

गेल्या हिवाळ्यात आमच्या विभागात नव्यानं रुजू झालेल्या सहकारी मैत्रिणीनं मला तिच्या तासाला बसायला बोलावलं. एस. वाय. बी. कॉम.ची ‘अ’ तुकडी. विषय कांदा निर्यातबंदी. नाशिकमध्ये अर्थशास्त्र शिकवायचं आणि कांदा टाळायचा, हे तसंही जमण्यासारखं नाही. वर्गात निफाडची, चांदवडची, येवल्याची, सिन्नरची मुलं, आणि त्यांच्याच बाकाला बाक लावून सिडको-इंदिरानगरची. एकाच भावानं एकाच्या घरी चूल पेटते आणि दुसऱ्याच्या घरी पिशवी हलकी होते. चर्चेसाठी याहून चांगला वर्ग कुठे मिळायचा?

तिनं तयारी चोख केली होती. बंदी ८ डिसेंबर २०२३पासून लागू झाली. आधी ती ३१ मार्च २०२४पर्यंतच असं सांगितलं होतं, मग मुदत वाढली, आणि ४ मे २०२४ला बंदी उठली ती टनाला किमान ५५० डॉलर भाव आणि ४० टक्के निर्यात शुल्क या अटींवर. हे सगळं फळ्यावर नीट मांडून ती वर्गाकडे वळली आणि म्हणाली, “आता चर्चा करू. निर्यातबंदीबद्दल तुम्हाला काय वाटतं?”

कोणी बोललं नाही. हा प्रश्न मोकळा आहे, त्यात काहीही सुचवलेलं नाही, पुस्तकात सांगतात तसाच आहे. तरी तो चालत नाही. कारण तो इतका रुंद आहे की त्यात पाय कुठं ठेवायचा तेच मुलाला कळत नाही. ‘काय वाटतं’ यावर सव्वाशे जणांसमोर उभं राहून पहिलं वाक्य बोलायला जे धैर्य लागतं ते एकोणिसाव्या वर्षी फार थोड्यांकडे असतं.

पुढं जे झालं ते मी कितीतरी वर्गांत पाहिलंय. दोनएक सेकंद शांतता टिकली आणि तिनं प्रश्न बदलला. “म्हणजे, बंदीचा परिणाम काय झाला?” पुन्हा शांतता. “भाव वाढले की कमी झाले?” दोन-चार आवाज आले, कमी. “कमी झाले ना! मग शेतकऱ्याला फटका बसला की नाही?” बसलाऽऽ. दहा सेकंदांच्या आत एक मोकळा प्रश्न घसरत घसरत होकाराच्या प्रश्नापर्यंत आला. तो बंद करायचा असं तिनं ठरवलेलं नव्हतं. शांतता सोसवली नाही, एवढंच. एका दमात विचारलेल्या या चार प्रश्नांपैकी वर्ग नेहमी शेवटच्याला उत्तर देतो, आणि शेवटचा सर्वांत सोपा असतो. मुलं हे लवकर शिकतात. थोडं गप्प बसलं की मॅडम स्वतःच प्रश्न स्वस्त करून देतात.

मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी विज्ञानाच्या वर्गांतल्या अशा शांतता मोजल्या होत्या. १९७४ साली त्यांनी लिहिलंय की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादा सेकंदच थांबतात. ती थांबण्याची वेळ तीन सेकंद किंवा त्याहून जास्त केली की उत्तरं लांब होतात, ‘माहीत नाही’ म्हणणारे कमी होतात आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागतात. तीन सेकंद वाचायला काहीच नाहीत. वर्गापुढे उभं राहून मोजून बघा. तिसऱ्या सेकंदाला आपला हात आपोआप खडूकडे जातो.

तासानंतर स्टाफरूममध्ये चहा घेताना आम्ही तिच्या फोनवरचं रेकॉर्डिंग ऐकलं. रेकॉर्डिंगची कल्पना तिचीच, आणि ती फार उपयोगी ठरली, कारण आपण काय विचारलं हे आपल्याला आठवतं त्यापेक्षा पुष्कळ वेगळं असतं. ऐकताना एकच खूण धरायची. प्रश्न संपल्यावर आवाज एकाचा येतो की सगळ्यांचा? सगळ्यांचा एकदम आला तर प्रश्नात उत्तर होतं असं समजावं. सव्वाशे माणसं न ठरवता एकच शब्द एकाच क्षणी उच्चारतात, म्हणजे तो शब्द आधीच कोणीतरी त्यांच्या हातात ठेवलेला असतो.

‘ना’ आणि ‘की नाही’ शेपटीला लागलेले प्रश्न तिनं स्वतःच पकडले. ते सोपे असतात. माझा कान वेगळ्याच प्रश्नावर अडकला होता. “बंदीमुळे शेतकऱ्याला किती फटका बसला?” या प्रश्नाला हो-नाही असं उत्तर देता येत नाही, त्यामुळे वरवर तो मोकळा वाटतो. पण फटका बसला हे त्यात ठरूनच गेलंय, मुलानं फक्त माप सांगायचंय. “भाव कोसळल्यावर शेतकऱ्यांनी काय केलं?” यातलं ‘कोसळल्यावर’ही तसंच. तीच गोष्ट ‘भाव उतरल्यावर’ म्हटलं तर वेगळं चित्र उभं राहतं.

एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४मध्येच केलेला प्रयोग इथं आठवतो. लोकांना मोटारींच्या अपघाताच्या फिती दाखवल्या आणि वेगाचा अंदाज विचारला. प्रश्न एकच, फक्त क्रियापद बदललं. गाड्या एकमेकींवर ‘आदळून चक्काचूर झाल्या’ अशा अर्थाचं क्रियापद वापरलं तेव्हा अंदाज सरासरी ताशी ४१ मैलांच्या जवळ आला. एकमेकींना ‘लागल्या’ असं सौम्य विचारलं तेव्हा सुमारे ३२. फिती त्याच होत्या. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचं हे, तर मताचं काय होत असेल?

आमच्या सोसायटीतले एक वकील हे ऐकून हसले. जुलै २०२४पूर्वी लागू असलेल्या १८७२च्या भारतीय पुरावा कायद्याच्या १४१व्या कलमातली सूचक प्रश्नाची व्याख्या त्यांनी सांगितली. विचारणाऱ्याला जे उत्तर हवंय किंवा अपेक्षित आहे ते सुचवणारा प्रश्न. आपल्याच साक्षीदाराला सरतपासणीत तो विचारायला गेलं की समोरचा वकील हरकत घेतो, उलटतपासणीत मात्र चालतो. वर्गात हरकत घ्यायला समोरचा वकील नसतो, आणि साक्षीदाराच्या अंतर्गत गुणांची वही आपल्याच टेबलावर असते.

दोन दिवसांनी तोच विषय ‘ब’ तुकडीत व्हायचा होता. आम्ही ठरवलं की सबंध तासाला चर्चेचा मुख्य प्रश्न एकच ठेवायचा आणि तो शब्दशः लिहून आणायचा. तोंडावर येईल तसा विचारला की ‘ना’ चिकटतोच. बराच वेळ खाडाखोड चालली. ‘बंदी योग्य होती का?’ हा प्रश्न पहिल्यांदा गेला, कारण त्यानं वर्गाचे दोन तुकडे होतात आणि पुढचा तास मुलं आपापल्या तुकड्याची बाजू राखत बसतात. ‘फायदे-तोटे सांगा’ हाही गेला. त्याचं उत्तर गाइडमध्ये छापलेलं आहे. शेवटी जो उरला तो असा: “निर्यात बंद झाल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी काय वेगळं केलं असेल? तुम्हाला माहीत असलेलं एक खरं माणूस घ्या आणि त्याचा दिवस लिहा.”

यात मत विचारलेलं नाही. मत मागितलं की मुलं मॅडमच्या चेहऱ्याकडे बघतात. माणूस मागितला की घराकडे बघतात, आणि त्या दिशेला मॅडमला काहीच माहीत नसतं, त्यामुळे ती उत्तर सुचवूही शकत नाही. प्रश्न रुंदही नाही, एक दिवस आणि एक माणूस इतकाच आहे. बोलायला घाबरणाऱ्या मुलालाही पहिलं वाक्य मिळतं: आमचे काका.

‘ब’ तुकडीत तिनं प्रश्न एकदाच वाचला, फळ्यावर लिहिला आणि गप्प राहिली. मुलांनी तीन मिनिटं वहीत लिहिलं. मोठ्या वर्गात हे लिहिणं मी कधीच सोडत नाही. आधी लिहिलेलं असलं की पहिल्या बोलणाऱ्याचं उत्तर बाकीच्यांच्या उत्तरावर चढत नाही. मग शेजाऱ्याशी बोलायचं, मग पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागं वळायचं, झाला चौघांचा गट. बाक जमिनीला ठोकलेले असतात, त्यामुळे याहून वेगळी रचना होत नाही, आणि लागतही नाही.

सव्वाशे मुलांचे तीसेक गट होतात. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या तासात सगळ्यांचं ऐकणं अशक्य. तिनं सहा गट घेतले, मागच्या बाकांपासून सुरुवात करून. त्यांना ‘तुमच्या गटाचं काय ठरलं?’ असं विचारलं नाही. ‘ठरलं’ म्हटलं की गट आपसातला वाद झाकून एक गुळगुळीत वाक्य पुढं करतो. तिनं विचारलं, “तुमच्या चार माणसांच्या दिवसांत न जुळणारं काय निघालं?”

निफाडकडची एक मुलगी उठली. तिच्या वडिलांकडे लाल कांदा होता. उन्हाळ कांदा असता तर चाळीत ठेवून वाट बघितली असती, लाल कांदा टिकत नाही, त्यामुळे भाव काहीही असो, विकणं भागच. तिच्याच गटातला मुलगा म्हणाला, त्याच्या मामांचा रांगडा कांदा अजून शेतात होता, ते त्या दिवशी शेतात गेलेच नाहीत, फोनवरच बसून होते. आतापर्यंत फळ्यावर ‘शेतकरी’ म्हणून एक माणूस होता. आता दोन झाले, आणि दोघांच्या हातातले पर्याय वेगळे.

सिडकोतल्या एका मुलाची आई पोळी-भाजीचे डबे देते. कांदा स्वस्त झाल्यावर तिनं काय केलं? भाजीत कांदा जास्त घातला. डब्याचा दर कमी केला नाही. वर्ग हसला. मैत्रिणीनं न हसता ते फळ्यावर जसंच्या तसं लिहिलं. ग्राहकाला फायदा होतो हे पुस्तकातलं वाक्य इतक्या सहज कोणी तपासलं नव्हतं. फायदा डबा खाणाऱ्यापर्यंत पोचला की डबा करणाऱ्या बाईकडे थांबला, यावर नंतर पाच-सहा मुलं एकमेकांशीच बोलली, मॅडमकडे न बघता. चर्चा खरी आहे का हे ओळखायची माझी खूण तीच.

मग मागून दुसऱ्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी हजेरीपुरतंच बोलतो, बसूनच म्हणाला, “आमचे पप्पा बाजार समितीत हमाल आहेत. लिलाव बंद होते. लिलाव नाही तर काम नाही.” एवढंच. पुढं काही नाही.

‘अ’ तुकडीतल्या सगळ्या तासात हमाल आला नव्हता, आणि येणं शक्यही नव्हतं. ‘शेतकऱ्याला फटका बसला की नाही’ या प्रश्नात दोनच माणसं मावतात, ज्याला बसला तो आणि ज्याला बसला नाही तो. ज्याचं पोट भावावर नाही तर लिलाव चालू असण्यावर आहे, त्याला त्या प्रश्नात जागाच नव्हती. त्या मुलाला विचारलं असतं तर त्यानंही सगळ्यांबरोबर ‘बसलाऽऽ’ म्हटलं असतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं.

इथं माझ्या मैत्रिणीनं जे केलं त्याचं मला फार कौतुक वाटलं, कारण नेमक्या याच जागी चांगले चांगले शिक्षक घसरतात. मूल काही मोलाचं बोललं की आपल्याला त्याचं वाक्य सुधारायचा मोह होतो. “म्हणजे तुला असं म्हणायचंय ना, की धोरणाचा असंघटित कामगारांवर अप्रत्यक्ष परिणाम होतो?” मूल म्हणतं, “हो मॅडम,” आणि खाली बसतं. त्याच्या पप्पांचा दिवस आपल्या वाक्यात विरघळून जातो. दुसरा मोह ‘व्वा, अगदी बरोबर!’ म्हणण्याचा. एकाला ‘अगदी बरोबर’ म्हटलं की उरलेले वर आलेले हात खाली जातात. बरोबर उत्तर सापडलंय, आता बोलून काय उपयोग?

तिनं त्याचेच शब्द म्हटले. “लिलाव नाही तर काम नाही.” आणि थांबली. मी मनात आकडे मोजत होते, पाचपर्यंत पोचले. मुलगा पुन्हा बोलला. ते दिवस पप्पांनी घरी बसून काढले, उचल घेतली, ती पुढं कामातून कापली गेली. मग तिनं वर्गाला विचारलं, “याच्या पप्पांचा दिवस आणि निफाडच्या वडिलांचा दिवस शेजारी ठेवा. कुठे एकत्र येतात, कुठे फुटतात?” दोन्ही बाजू एकाच प्रश्नात होत्या. नुसतं ‘कुठे फुटतात’ विचारलं असतं तर भांडण सुचवल्यासारखं झालं असतं, नुसतं ‘कुठे एकत्र येतात’ म्हटलं असतं तर सलोखा.

एका मुलीनं तिढा आणखी वाढवला. बंदीचा निषेध म्हणून लिलाव थांबवले, तर हमालाचा रोज बंदीनं बुडाला की निषेधानं? यावर वर्गात जे झालं ते मला लिहून दाखवता येणार नाही, कारण एका वेळी चार जण बोलत होते. सगळे एकच शब्द बोलत नव्हते, एवढं नक्की.

याचा अर्थ हो-नाहीचा प्रश्न कधीच विचारायचा नाही असा काढू नये. माहिती तपासायला तोच बरा. “मागं आवाज येतोय का?” याचा मोकळा प्रश्न करत बसणारा माणूस शहाणा नव्हे. एका मुलानं मध्येच सांगितलं की बंदी वर्षभर होती. तिथं ‘तुला असं का वाटतं’ वगैरे न करता तिनं सरळ तारीख सांगितली, डिसेंबर ते मे. तारखेवर चर्चा नसते. हात वर करायला लावणंही कधीकधी कामाचं असतं, पण आधी प्रत्येकानं वहीत लिहिलेलं हवं आणि नंतर लगेच कारणं विचारायला हवीत, आणि तीही कमी हात असलेल्या बाजूला आधी. जास्त हात असलेल्यांना आधी विचारलं की उरलेले हात नकळत कानामागं जातात, केस सारखे करायला.

या पद्धतीत विषय कमी होतो, हे खरं आहे. ‘अ’ तुकडीत किमान निर्यात मूल्य, शुल्क, बफर साठा सगळं झालं. ‘ब’ तुकडीत बफर साठा राहिला तो राहिलाच, पुढच्या तासाची दहा मिनिटं त्यात गेली. विद्यापीठाचा पेपर दोन्ही तुकड्यांना एकच असतो. म्हणून हे रोज करायचं नसतं असं माझं मत आहे. एका घटकात एकदा पुरे, आणि तेही जिथं वर्गातल्या मुलांकडे आपल्याकडे नसलेली माहिती असेल तिथंच. लवचीकतेचं सूत्र शिकवताना कोणाच्या घरी काय झालं ते विचारून काही मिळत नाही.

तास संपायला पाच मिनिटं असताना तो प्रश्न आलाच. पहिल्या बाकावरून. “मॅडम, पण तुम्हाला काय वाटतं? बंदी बरोबर होती ना?”

मुलंही सूचक प्रश्न विचारतात, आणि शिकलेली असतात आपल्याकडूनच. यावर ‘माझं मत महत्त्वाचं नाही’ असं म्हणणारे शिक्षक मला आवडत नाहीत. मुलांना तो टाळाटाळीचा वास लगेच येतो. उलट तेव्हाच उत्तर दिलं तर सव्वाशे वह्यांत तेच वाक्य उतरतं. तिनं आधी सगळ्यांना वहीत शेवटच्या दोन ओळी लिहायला लावल्या: आज सकाळी यायच्या आधी काय वाटत होतं, आता काय वाटतं, आणि कोणाच्या दिवसामुळे बदललं किंवा नाही बदललं. पानं फाडून टेबलावर जमा झाली. मगच ती बोलली. म्हणाली, मला बंदी चुकीची वाटते, बंदीपेक्षाही तिची आयत्या वेळी आलेली बातमी जास्त चुकीची वाटते, आणि डब्याच्या दराबद्दल मात्र मी आजवर विचार केलेला नव्हता.

पानं आम्ही संध्याकाळी वाटून घेऊन वाचली. बरीचशी मॅडमच्या मताच्या विरुद्ध होती. हमालाच्या मुलाच्या पानावर दोन ओळींऐवजी दीड पान भरलं होतं, आणि त्यातला बराचसा भाग तोलाईबद्दल होता. त्याबद्दल आम्हा दोघींनाही काही माहीत नव्हतं. पुढच्या घटकाचा प्रश्न तिथूनच काढायचा असं तिनं त्याच पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं.